तेलात बुडवलेला लसूण

सोललेल्या लसणाच्या पाकळ्या, वर चार काड्या रोझमेरी, एखादी सुकी लाल मिरची आणि काठोकाठ ऑलिव्ह तेल. काचेच्या अशा बरण्या आता पुण्या-मुंबईतल्या अनेक ओट्यांवर दिसतात. पास्त्यावर, टोस्टवर, सॅलडवर त्यातलं चमचाभर तेल घातलं की पदार्थाला चव येते. दुसरीकडे, रविवारी आठवड्याचं आलं-लसूण वाटण करून डब्यात भरायचं, वर तेलाचा थर ओतायचा आणि डबा फ्रीजमध्ये ठेवायचा, ही पद्धत तर घरोघरी आहे. तेलामुळे वाटण हिरवं पडत नाही, बुरशी धरत नाही, म्हणून ते टिकतं, असा आपला समज. त्यातला निम्मा भाग बरोबर आहे. उरलेल्या निम्म्या भागात धोका आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही.

बुरशीला वाढायला हवा लागते. तेलाने हवा तोडली की बुरशी थांबते, हे खरं. पण मातीत एक जीवाणू असा आहे, ज्याला हवाच नको असते. त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम. प्रतिकूल परिस्थितीत तो कडक आवरणाच्या बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षं झोपून राहतो. लसूण, आलं आणि कांदा मातीत वाढतात, आणि तुळस, ओवा, रोझमेरी यांच्या पानांवर मातीची धूळ बसतेच. त्यामुळे हे बीजाणू त्यांच्याबरोबर घरात येतात, आणि कितीही धुतलं तरी सगळे जात नाहीत. एरवी ते आपल्याला काही करत नाहीत; मोठ्या माणसाच्या पोटातून ते तसेच निघून जातात. त्यांना जागं व्हायला चार गोष्टी एकत्र मिळाव्या लागतात: हवेचा अभाव, ओलावा, कमी आंबटपणा आणि उबदार जागा. ओट्यावरच्या बरणीत या चारही मिळतात. तेल कोरडं असलं तरी पाकळीच्या आत भरपूर पाणी असतं. लसूण चवीला तिखट असला तरी आंबट नसतो. वरून तेलाने हवा बंद केलेली असते, आणि आपल्याकडे खोलीत ऊब असतेच. जागा झालेला जीवाणू जे विष सोडतो, ते जगातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे. त्याने होणाऱ्या आजाराला बॉट्युलिझम म्हणतात.

हे केवळ पुस्तकी भय नाही. 1985 साली कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात एका रेस्टॉरंटमध्ये जेवलेल्या 36 जणांना बॉट्युलिझम झाला. मूळ निघालं सोयाबीन तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणाच्या बाटलीत. ही बाटली फ्रीजबाहेर ठेवलेली होती. सुरुवातीला रोग ओळखूच आला नव्हता. जेवून गेलेली माणसं आपापल्या गावी परतली, वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेली, आणि काहींच्या बाबतीत निदान पक्षाघाताचं, काहींच्या बाबतीत मनोविकाराचं झालं. मॉन्ट्रियलच्या दोन किशोरवयीन बहिणी आणि त्यांची आई आजारी पडल्यावर तपासाचा धागा व्हँकूव्हरपर्यंत पोचला आणि मग बाकीचे रुग्ण सापडत गेले. 1989 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टनला असंच घडलं. तिथे तिघांना गार्लिक ब्रेडमधून बाधा झाली, आणि त्यातही तेलातला चिरलेला लसूण वापरलेला होता. त्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नियम केला की तेलात लसूण विकायचा असेल तर त्यात आम्ल घातलंच पाहिजे, नुसतं ‘फ्रीजमध्ये ठेवा’ असं लिहून चालणार नाही. दुकानातल्या लसूण पेस्टच्या वेष्टनावर घटकांमध्ये आम्ल लिहिलेलं दिसतं, ते केवळ चवीसाठी नसतं.

आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या लसूण आणि तेल एकत्र वापरलं गेलं, तरी असं काही ऐकू आलं नाही, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर आपल्या रीतीत आहे. लसणाच्या लोणच्यात भरपूर मीठ आणि लिंबाचा रस असतो, त्यामुळे बीजाणूंना वाढता येत नाही. सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी कोरडी असते. ओलावा नसला तर तेल असूनही जीवाणू उठत नाही. आणि आलं-लसूण वाटण आपण कच्चं खात नाही. ते फोडणीत परतून, रश्श्यात उकळून खातो. बीजाणू उकळत्या पाण्यातही जिवंत राहतात, पण त्यांनी तयार केलेलं विष मात्र उष्णतेला टिकत नाही. पदार्थ दहा मिनिटं नीट उकळला तर ते नष्ट होतं. धोका वाढला तो नव्या सवयींमुळे. सुगंधी तेल कच्चंच पिझ्झ्यावर ओतायचं, वाटण कच्चंच डिपमध्ये किंवा मेयोनीजमध्ये कालवायचं, या दोन्ही गोष्टी पूर्वी नव्हत्या. मंद आचेवर तेलात शिजवलेल्या मऊ लसणालाही हाच नियम लागू आहे. पाकळी मऊ राहिली म्हणजे तिच्यात पाणी राहिलं, आणि त्या आचेवर बीजाणू मरत नाहीत.

मग फ्रीज पुरेसा आहे का? थंडीने या जीवाणूंची वाढ मंदावते, पण त्याचे काही प्रकार 3 अंश सेल्सिअसच्या थोड्या वर गेलं तरी हळूहळू वाढू शकतात. घरातला फ्रीज नेमका किती थंड आहे, हे क्वचितच कोणी पाहतं. दारातला कप्पा सर्वांत गरम असतो, आणि तिथेच आपण बाटल्या ठेवतो. वीज गेली तर न उघडलेल्या फ्रीजमध्ये थंडी साधारण चार तास टिकते. म्हणून अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या अन्नसुरक्षा विभागांचा सल्ला सरळ आहे: घरी केलेलं लसूण घातलेलं किंवा ताज्या पानांचं तेल फ्रीजमध्येच ठेवा, 4 अंशांखाली, आणि 4 दिवसांच्या आत संपवा. जास्त दिवस हवं असेल तर फ्रीजरमध्ये ठेवा. फ्रीजरमध्ये बीजाणू मरत नाहीत, पण उठतही नाहीत.

वाटणाचं गणित यातून सुटतं. समजा, आठवड्याला साधारण 250 ग्रॅम वाटण लागतं. अर्धा लसूण, अर्धं आलं घेऊन शक्य तितक्या कमी पाण्यात वाटा. दोन-तीन दिवसांत संपेल एवढंच छोट्या कोरड्या डब्यात काढून फ्रीजच्या आतल्या फळीवर, मागच्या बाजूला ठेवा. उरलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये चमचा-चमचा भरून गोठवा. गोठल्यावर तुकडे पिशवीत काढा, पिशवीवर तारीख लिहा. हवा तेवढा तुकडा थेट गरम तेलात टाकता येतो. वितळवायचाच असेल तर आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवा, ओट्यावर नको. असे तुकडे काही महिने चांगले राहतात. वर तेलाचा थर देण्याची गरजच उरत नाही. वाटण हिरवं किंवा निळसर पडलं तर घाबरू नका. लसणातली गंधकयुक्त द्रव्यं आणि त्यातलीच अमिनो आम्लं यांच्या संयोगाने हा रंग येतो. तो विषाचा नाही. उलट, वास-रंग ठीक आहे म्हणून वाटण सुरक्षित आहे, असंही समजू नये. बॉट्युलिझमच्या विषाने चव, वास किंवा रंग बदलेलच असं नाही.

ज्यांना बरणी ओट्यावर ठेवायची हौस आहे, त्यांच्यासाठी एक तपासलेली पद्धत आहे. ती मात्र मोजून करावी लागते. 100 ग्रॅम सोललेला लसूण पाव इंचापेक्षा मोठे तुकडे राहणार नाहीत असा चिरा. 300 मिलिलीटर पाण्यात 9 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, विरघळवा. लसूण त्यात पूर्ण बुडवून 24 तास ठेवा, म्हणजे आम्ल आतपर्यंत जातं. मग पाणी नितळून टाका आणि तेल घाला. तुळस, ओरेगॅनो, रोझमेरी यांच्या ताज्या पानांसाठी पाण्याचं प्रमाण जास्त: एका भागाला दहा भाग. यात अंदाज चालत नाही. अख्ख्या पाकळीवर थोडं लिंबू पिळून भागत नाही, कारण आंबटपणा वरच राहतो आणि आत जीवाणूंना मोकळी जागा मिळते. याहून सोपा मार्ग म्हणजे सुकवलेला लसूण आणि वाळवलेली पानं वापरायची. पाणीच नाही, त्यामुळे जीवाणूला वाढता येत नाही.

आता कांद्याकडे येऊ. चिरलेला कांदा फ्रीजमध्ये ठेवला की तो हवेतले जंतू ओढून घेतो आणि रातोरात विषारी होतो, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. ते खरं नाही. कांदा जंतू ओढत नाही. चिरलेला कांदा उघडा ठेवला तर तो वाळतो, कडवट होतो, आणि त्याचा वास दुधाला आणि कापलेल्या फळांना लागतो. त्यावर जंतू येतात ते चाकू, पाट आणि हातांवरून. स्वच्छ चिरलेला, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेला कांदा फ्रीजमध्ये आठवडाभर वापरता येतो. तो चिकट झाला, पाणी सुटून आंबूस वास आला, तर टाकून द्या. मात्र कांदासुद्धा तेलात बुडवून बाहेर ठेवायचा नाही. लसणाला लागू असलेला नियम त्यालाही लागू आहे.

आजाराची लक्षणं माहीत असायला हवीत, कारण निदान उशिरा झालं की नुकसान मोठं होतं. दूषित अन्न खाल्ल्यावर बहुधा 12 ते 36 तासांत, क्वचित काही दिवसांनी, डोळ्यांपुढे एकाचे दोन दिसू लागतात, पापण्या खाली येतात, तोंड कोरडं पडतं, बोलणं अडखळतं, गिळताना त्रास होतो. अशक्तपणा डोक्याकडून खाली हातापायांकडे सरकतो, आणि शेवटी श्वासावर येतो. ताप सहसा नसतो, आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, त्यामुळे घरच्यांना ही थकव्याची किंवा मानसिक त्रासाची गोष्ट वाटते. असं दिसलं तर वेळ न दवडता हॉस्पिटल गाठा आणि कालपासून काय-काय खाल्लं, ते डॉक्टरांना सांगा. विषावर उतारा असलेलं इंजेक्शन आहे, पण ते लवकर दिलं तरच अधिक उपयोगी पडतं.

बरणी किती दिवसांची आहे, हे आठवत नसेल तर ती चाखून पाहू नका. झाकण घट्ट लावून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. आणि आज संध्याकाळी स्वयंपाकघरात शिरलात की फ्रीजमधल्या आणि ओट्यावरच्या प्रत्येक लसूण-तेलाच्या बरणीवर तारखेची चिठ्ठी चिकटवा. ज्या बरणीवर कोणती तारीख लिहायची हे ठरवता येत नाही, ती टाकून द्यायची आहे.