बिस्किटाच्या पुड्यात साखर किती? मागचा तक्ता असा वाचा

नागपूर : समोसा-जिलेबीवर आता धोक्याचा इशारा लागणार, अशी बातमी जुलै २०२५ मध्ये व्हॉट्सॲपवर फिरली. त्यात नागपूरच्या एम्सचंही नाव होतं. नंतर केंद्र सरकारने खुलासा केला. सूचना होती ती ऑफिस-कॅन्टीनमध्ये तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावण्याची. दुकानदाराच्या पदार्थावर लेबल लावायला सांगितलेलं नव्हतं. पाकीटबंद मालावर मात्र ही माहिती आधीपासूनच छापलेली असते. ती मागच्या बाजूला, बारीक अक्षरात आणि बहुतेकदा इंग्रजीत असते. मोबाईलने फोटो काढून मोठा करा, म्हणजे नीट वाचता येईल.

आधी वजन बघा
तक्त्यातले आकडे साधारण १०० ग्रॅममागे असतात. शेजारी 'पर सर्व्ह', म्हणजे एका वाढपाचा हिशोब असतो. गफलत इथेच होते. समजा, क्रीम बिस्किटाचा पुडा १५० ग्रॅमचा आहे आणि कंपनीने एक वाढप २५ ग्रॅमचं धरलंय. १०० ग्रॅममागे 'ॲडेड शुगर्स' ३० ग्रॅम असेल, तर एका वाढपात साडेसात ग्रॅमच दिसते. पण पोराने अख्खा पुडा संपवला तर ४५ ग्रॅम साखर पोटात गेली, म्हणजे जवळपास नऊ-दहा चमचे. लेबलवरची टक्केवारी मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा ५० ग्रॅम धरून काढतात. लेकराला तर त्याहूनही कमी लागते.

शेव-चिवड्यातलं मीठ
मीठ तक्त्यात 'सोडियम' नावाने, मिलिग्रॅममध्ये असतं. त्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. दिवसभराची मर्यादा २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ आहे. त्यात घरची भाजी, वरण, लोणचंही आलं. बीपीच्या रुग्णाने हा आकडा आधी बघावा.

लपलेलं तेल
'झिरो ट्रान्स फॅट' वाचून निश्चिंत होऊ नका. खालच्या 'सॅच्युरेटेड फॅट'च्या ओळीवर नजर टाका. त्याची दिवसाची मर्यादा २२ ग्रॅम धरतात. मग घटकांची यादी, म्हणजे 'इन्ग्रेडियंट्स' वाचा. जो घटक वजनाने जास्त, तो आधी लिहावा लागतो. पहिल्या दोन-तीन नावांत साखर किंवा पामोलिन असेल, तर माल त्याचाच जास्त. साखर 'लिक्विड ग्लुकोज', 'इन्व्हर्ट सिरप' अशा नावांनीही येते. तीच साखर तीन नावांत विभागली, की यादीत खाली सरकते. म्हणून शेवटी 'ॲडेड शुगर्स'चाच आकडा खरा धरा.

अगदी छोट्या पुड्यांना तक्ता छापण्यापासून सूट आहे. त्यांची माहिती ते ज्या मोठ्या पॅकमध्ये येतात, त्यावर बघायची. सुट्या फरसाणाला तर लेबलच नसतं.