उणे चिन्ह आणि समाकलनाचा स्थिरांक

गणिताच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या की अध्यापन सहायक वर्गासाठी चुकांची एक टीप काढतो. अवकल समीकरणांच्या टीपेत दोन चुका हमखास असतात: उणे चिन्ह गळणे आणि समाकलनाचा स्थिरांक उशिरा लिहिणे. न्यूटनच्या शीतलन नियमावरच्या एकाच गणितात या दोन्ही दिसतात.

खोलीचे तापमान २५ अंश सेल्सिअस आहे. ८५ अंशांचा चहा १० मिनिटांत ६५ अंशांवर येतो. तो ४५ अंशांवर केव्हा येईल? इथे समीकरण असे मांडतात, आणि k धन असतो:

```
dT/dt = k(25 - T)
```

चले वेगळी केली की डावीकडे 1/(25 - T) चे समाकलन करावे लागते. T च्या आधी उणे असल्यामुळे त्याचे उत्तर -ln|25 - T| येते. हे पहिले उणेच सर्वांत जास्त वेळा गळते. मग T = 25 + 60e^(kt) असे सूत्र मिळते आणि चहा निवण्याऐवजी तापत जातो. मात्र १० मिनिटांची नोंद या सूत्रात घातली की k ची किंमत ऋण निघते, आणि शेवटचे उत्तर बरोबर येते. चूक अशी झाकली जाते. म्हणून तपासणाऱ्याने नुसते उत्तर न पाहता k चे चिन्ह पाहायला हवे. बरोबर रीतीने T = 25 + 60e^(-kt), k सुमारे ०.०४०५ प्रतिमिनिट आणि वेळ सुमारे २७ मिनिटे येते.

स्थिरांकाची चूक इतकी सहज झाकली जात नाही. काही विद्यार्थी ln(T - 25) = -kt एवढेच लिहून पुढे जातात आणि C ची आठवण शेवटी होते:

```
T = 25 + e^(-kt) + C
```

सुरुवातीचे ८५ अंश घातले की C = 59 मिळतो आणि सगळे जुळल्यासारखे वाटते. पण आता सूत्र T = 84 + e^(-kt) असे झाले; म्हणजे चहा कितीही वेळ ठेवला तरी ८४ अंशांखाली उतरणार नाही. ६५ अंश घातले तर e^(-10k) = -19 येते, आणि घातांकी फल कधीच ऋण नसते. समाकलन करताक्षणी C लिहिला असता, तर लॉग काढताना तो e^C होऊन गुणक बनला असता, आणि तोच इथला ६० आहे. बेरजेतला स्थिरांक पुढच्या पायरीवर गुणाकारात जातो, म्हणून तो नंतर जोडून चालत नाही.

दोन्ही चुका पकडायला t = 0 ची किंमत घालणे पुरत नाही, कारण ती चुकीच्या सूत्रांतही जुळते. t खूप मोठा घेतल्यावर, k धन धरून, तापमान २५ अंशांकडे जाते का, हे पाहावे लागते.

पदार्थ खोलीपेक्षा थंड असेल, समजा ५ अंशांचे पाणी, तर केवलमूल्याची खूण काढताना चिन्ह पुन्हा निवडावे लागते. तिथे T = 25 - 20e^(-kt) हे बरोबर; सवयीने अधिक लिहिले तर पाणी सुरुवातीलाच ४५ अंशांचे ठरते.