थ्रो-इन, कॉर्नर की गोल किक?

16 सप्टेंबर 2002. बर्मिंगहॅम सिटीविरुद्धच्या सामन्यात अ‍ॅस्टन व्हिलाच्या ओलॉफ मेलबर्गने थ्रो-इन आपल्याच गोलरक्षकाकडे, पीटर एन्केलमनकडे फेकला. चेंडू त्याच्या पायाखालून थेट जाळ्यात गेला! पायाचा स्पर्श झाला असे मानून पंचांनी गोल दिला.

स्पर्श झाला नसता तर? थ्रो-इनवरून थेट गोल होत नाही. चेंडू स्वतःच्याच गोलमध्ये गेला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो, प्रतिस्पर्ध्याच्या गोलमध्ये गेला तर त्यांना गोल किक.

चेंडू बाजूची रेषा पूर्ण ओलांडून गेला की थ्रो-इन, तोही बाहेर गेला तिथूनच. मैदानाकडे तोंड करून, दोन्ही हातांनी, डोक्यामागून वरून फेकायचा. दोन्ही पाय रेषेवर किंवा बाहेर जमिनीला टेकलेले हवेत. नवखे खेळाडू नेमका मागचा पाय उचलतात आणि थ्रो-इन प्रतिस्पर्ध्याकडे जातो.

गोलकडच्या रेषेबाहेर, गोल न होता, चेंडू गेला तर शेवटचा स्पर्श पाहतात. बचाव करणाऱ्याचा असेल तर जवळच्या कोपऱ्यातील पाव वर्तुळातून कॉर्नर. प्रतिस्पर्धी तिथून 9.15 मीटर दूर. आक्रमकाचा असेल तर गोलसमोरच्या लहान चौकटीत कुठूनही गोल किक. तेव्हा प्रतिस्पर्धी मोठ्या चौकटीबाहेर हवेत.