थकलेलं बिल आणि चार ओळींची मेल

दीड मिनिटाची ॲनिमेशन फिल्म. ठिबक सिंचनाचा फिल्टर कसा धुवायचा, हे शेतकऱ्याला समजावणारी. स्क्रिप्ट, स्टोरीबोर्ड, व्हॉइसओव्हर, दोनदा दुरुस्त्या, सगळं पार पडलं. 28 मे रोजी वॉटरमार्क काढलेली फाइल पाठवली आणि 30 तारखेला कंपनीच्या मार्केटिंगच्या मॅडमची मेल आली, “फायनल, छान झालंय.” एक लाख वीस हजारांतले निम्मे ॲडव्हान्स मिळाले होते. उरलेल्या साठ हजारांचं बिल मी 1 जूनला लावलं, मुदत तीस दिवस. 1 जुलै उलटला, खात्यात काही नाही.

घाई पैशाचीच होती असंही नाही. साठ हजारांवर 18 टक्के जीएसटी म्हणजे 10,800 रुपये. बिल जूनचं, त्यामुळे ग्राहकाने पैसे दिले असोत वा नसोत, हा कर 20 जुलैपर्यंत मला भरायचाच होता. न मिळालेल्या पैशावरचा कर स्वतःच्या खिशातून जातो, तेव्हा मेल लिहिताना हात सैल सुटतो. मी पहिल्यांदा लिहिलेल्या मसुद्यात “तीन आठवडे रात्री जागून” असे शब्द होते. ते खोडले, कारण ती मेल शेवटी वाचणार कोण, हे लक्षात आलं.

फिल्म ज्यांना आवडली त्या मॅडम पैसे सोडत नाहीत. त्या माझी मेल अकाउंट्सला पुढे ढकलणार. तिथल्या माणसाने फिल्म पाहिलेली नसते आणि पाहायचं त्याला कारणही नसतं. त्याला हवं असतं बिल क्रमांक, तारीख, रक्कम आणि काम स्वीकारल्याचा पुरावा. म्हणून मेल मॅडमच्या नावे, पण मजकूर त्याच्यासाठी. 6 जुलैला पाठवली ती अशी:

“विषय: बिल क्र. 27, रु. 70,800, देय दिनांक 1 जुलै

नमस्कार मॅडम,
फिल्टर सफाईच्या फिल्मचं दुसऱ्या हप्त्याचं बिल (दि. 1 जून) अजून जमा झालेलं दिसत नाही. टीडीएस 6,000 वजा जाता 64,800 रुपये येणं आहे. बिल आणि आपली 30 मेची मंजुरीची मेल सोबत पुन्हा जोडली आहे. बिलात काही अडलं असेल तर कळवा, लगेच दुरुस्त करून देतो. पेमेंट कोणत्या तारखेला होईल, तेवढं सांगाल का?”

रकमेचे दोन आकडे मुद्दाम दिले. त्यांनी ॲडव्हान्सवर दहा टक्के टीडीएस कापला होता आणि तो जीएसटी सोडून मूळ रकमेवर कापतात. नुसते 70,800 मागितले असते तर उद्या 64,800 आल्यावर आणखी एका मेलची भर. “लवकरात लवकर” असंही लिहिलं नाही. त्याला उत्तर “हो” एवढंच येतं, तारखेला मात्र तारीखच द्यावी लागते. आणि “अडलं असेल तर” हे नुसतं सौजन्य नव्हतं. बिल थकण्यामागे दर वेळी बदमाशी नसते. बरेचदा कागद कुठेतरी अडकलेला असतो, आणि तो अडकलाय हे आपल्याला कोणी कळवत नाही.

मंजुरीची मेल जोडण्याला आणखी एक अर्थ आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात पैसे देण्याची मुदत काम स्वीकारल्यापासून मोजतात. लेखी करार नसेल तर पंधरा दिवस, असेल तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस. काम हाती पडल्यावर पंधरा दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर ते मिळालं त्याच दिवशी स्वीकारलं असं धरतात. मुदत टळली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. अर्थात त्यासाठी कामाआधीच उद्यम नोंदणी असावी लागते. माझी आहे, आणि तिचा नंबर बिलावर छापलेला असतो. पहिल्या मेलमध्ये मात्र मी कायद्याचं नाव काढत नाही. ते काढलं की मेल अकाउंट्सकडून वकिलाकडे जाते आणि तिथेच मुक्काम करते. दुसऱ्या-तिसऱ्या स्मरणानंतरही दाद मिळाली नाही, तर तेव्हा एक वाक्य पुरतं.

इथे त्याची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी अकाउंट्समधून थेट फोन आला, “अहो, बिलावर पीओ नंबरच नाही तुमच्या. सिस्टीम घेतच नाही.” परचेस ऑर्डर निघाली होती, पण ती मॅडमच्या इनबॉक्समध्ये पडून होती. माझ्यापर्यंत आलीच नव्हती. महिनाभर ते बिल तसंच बाजूला, आणि मॅडमच्या समजुतीप्रमाणे पैसे केव्हाच गेलेले! क्रमांक, तारीख, रक्कम तीच ठेवून पीओ नंबर टाकला आणि तासाभरात बिल परत पाठवलं.

13 जुलैला 64,800 जमा झाले, जीएसटीच्या तारखेच्या आठवडाभर आधी. उरलेले सहा हजार आयकराच्या पोर्टलवर माझ्या पॅनपुढे दिसतात का, ते आता पाहायचंय. दरम्यान मॅडमचा निरोप आलाय: लोगो जरा मोठा करता येईल का?