पत्ते अकरा, पेट्या पाच

भोसरीच्या एमआयडीसीत जिग आणि फिक्स्चर बनवणारा एखादा लघुउद्योग डोळ्यांसमोर आणा. मालक, डिझायनर, खरेदी, हिशेब आणि डिस्पॅच सांभाळणारे मिळून पाच माणसं रोज ईमेल बघतात. पण व्हिजिटिंग कार्डावर, कोटेशनवर, जीएसटीच्या पोर्टलवर मिळून पत्ते बरेच लागतात. पाच जणांचे पाच, शिवाय sales@, accounts@, purchase@, quality@, info@ आणि careers@. कंपनीच्या नावाचं डोमेन घेतलं की ईमेलचा प्लॅन विकणारा विचारतो, ‘किती मेलबॉक्स हवेत?’ आणि मालक पत्ते मोजून ‘अकरा’ सांगतो. पहिला जादा खर्च इथेच होतो, आणि तो दर महिन्याला होत राहतो, कारण बहुतेक प्लॅनचा दर माणशी, म्हणजे दर मेलबॉक्समागे असतो.

मेलबॉक्स म्हणजे स्वतःचा पासवर्ड आणि स्वतःची जागा असलेली पेटी. एलियास म्हणजे त्याच पेटीला दिलेलं आणखी एक नाव. accounts@ हा हिशेबनीसाच्या पेटीचा एलियास केला की त्या पत्त्यावरचा मेल त्याच्याच इनबॉक्समध्ये पडतो. वेगळा पासवर्ड नाही, वेगळं बिल नाही. गूगल वर्कस्पेसमध्ये एका माणसाला असे तीसपर्यंत एलियास मिळतात. छोट्या होस्टिंगवाल्यांकडे ही मर्यादा कमी असू शकते, म्हणून आकडा विचारून घ्यावा. आपल्या कारखान्याचं काम पाच मेलबॉक्स आणि सहा जादा पत्त्यांवर भागतं.

एक अडचण मात्र येते. एलियास एका वेळी एकाच पेटीचा असतो. sales@ वर आलेली चौकशी मालक आणि डिझायनर दोघांनाही दिसायला हवी असेल, तर एलियास पुरत नाही. मग लोक काय करतात, तर sales@ साठी स्वतंत्र मेलबॉक्स घेतात आणि त्याचा पासवर्ड चौघांना वाटतात. पुढे लॉगिनचा ओटीपी एकाच्याच फोनवर जातो, तो रजेवर असला की बाकीचे अडतात, आणि कोणतं उत्तर कोणी पाठवलं हे कधीच कळत नाही. असं अजिबात करू नये. गूगलमध्ये यासाठी ग्रुपचा पत्ता बनवता येतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ‘शेअर्ड मेलबॉक्स’ मिळतो, आणि ५० जीबीपर्यंत त्याला वेगळा परवाना लागत नाही. प्रत्येक जण आपापल्या लॉगिनमधून तो उघडतो.

उत्तर पाठवताना ‘कडून’ या रकान्यात एलियास निवडता येतो का, हेही प्लॅन घेण्याआधी बघावं. नाहीतर ग्राहकाने accounts@ ला लिहिलेल्या पत्राचं उत्तर हिशेबनीसाच्या खासगी नावाने जातं. पुढचा पत्रव्यवहार त्याच नावावर सुरू राहतो, आणि तो माणूस नोकरी सोडून गेला की धागा तुटतो.

आता अटॅचमेंट. या कारखान्यातून रोज ड्रॉइंग जातात, त्यामुळे इथे थोडं थांबायला हवं. प्लॅनच्या माहितीत ‘१० एमबी’ लिहिलेलं असतं, फाइल ८ एमबीची असते, तरी मेल परत येतो. याचं कारण असं, की ईमेलची व्यवस्था मुळात साध्या अक्षरांसाठी बनलेली आहे. ड्रॉइंग पाठवण्यासाठी ते आधी अक्षरांत बदललं जातं. या पद्धतीला बेस६४ म्हणतात. तीन बाइटची चार अक्षरं होतात, शिवाय दर ७६ अक्षरांनंतर नवी ओळ येते. म्हणजे फाइल साधारण ३७ टक्क्यांनी फुगते. ८० लाख बाइटची फाइल प्रवासात १ कोटी ९ लाखांच्या वर जाते. पोस्टफिक्स नावाचा सर्व्हर अनेक होस्टिंगवाले वापरतात. कोणी बदललं नसेल तर त्याची मर्यादा १ कोटी २ लाख ४० हजार बाइट असते, आणि ती फुगलेल्या मापाला लागते. म्हणून तिथे प्रत्यक्षात साडेसात एमबीच्या आतलीच फाइल जाते. परत आलेल्या मेलमध्ये अशी ओळ दिसते:

```
552 5.3.4 Message size exceeds fixed limit
```

५५२ हा आकडा दिसला की आधी फाइलच्या मापाकडे बघावं. जीमेलची २५ एमबीची मर्यादा मूळ फाइलला धरून असते, त्यामुळे तिथे हा हिशेब एवढा बोचत नाही. पण समोरच्या कंपनीच्या सर्व्हरची मर्यादा तुमच्यापेक्षा लहान असेल, तर तुमचा प्लॅन कितीही मोठा असून उपयोग होत नाही. माझ्या मते अटॅचमेंटची मर्यादा वाढवून घेण्यासाठी महागडा प्लॅन घेणं हा पैशाचा अपव्यय आहे. मोठं ड्रॉइंग ड्राइव्हवर ठेवून लिंक पाठवावी. फक्त ती लिंक कोण उघडू शकतो आणि किती दिवस, हे ठरवून घ्यावं.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते जुना मेल टिकवण्यावर करावेत. आर्काइव्हचं बटण दाबलं की मेल सुरक्षित झाला असं पुष्कळांना वाटतं. ते बटण मेल फक्त इनबॉक्समधून बाजूला करतं, नंतर तो कोणीही पुसू शकतो. जीमेलच्या ट्रॅशमधला मेल ३० दिवसांनी जातो, त्यानंतर आणखी २५ दिवस ॲडमिनला तो परत आणता येतो आणि मग तो संपला. कर्मचाऱ्याचं खातंच पुसलं तर गूगल वर्कस्पेसमध्ये ते २० दिवसांत, मायक्रोसॉफ्टमध्ये ३० दिवसांत परत मिळवता येतं. पुढे वाट नाही.

समजा, खरेदी बघणारा माणूस मार्चअखेर नोकरी सोडून गेला. एका जागेचे पैसे वाचवायला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याचं खातं पुसलं. ऑगस्टमध्ये एका मोठ्या ग्राहकाने बिल अडवलं आणि म्हणाला, मालात खोट होती, आम्ही तेव्हाच कळवलं होतं. एमएसएमई कायद्यानुसार मालाबद्दलची हरकत १५ दिवसांत लेखी कळवावी लागते, आणि बिलासाठी जास्तीत जास्त ४५ दिवस मिळतात. अशी हरकत आली होती की नाही, हे ज्या पेटीवरून कळलं असतं ती एप्रिलअखेरीलाच गेलेली असते.

म्हणून माणूस गेल्यावर आधी पासवर्ड बदलावा, त्याच्या फोनवरून लॉगिन काढावं आणि पेटी तशीच ठेवावी. मायक्रोसॉफ्टमध्ये ती शेअर्ड मेलबॉक्समध्ये बदलून मग परवाना काढता येतो, आणि उत्तराधिकाऱ्याला ती उघडायची परवानगी देता येते. गूगलकडे काही प्लॅनमध्ये ‘आर्काइव्हड युजर’ हा स्वस्त परवाना असतो.

किती वर्षं ठेवावं? थकलेल्या पैशांच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. कंपनी नोंदलेली असेल तर हिशेबाची वह्या-पावत्या आठ आर्थिक वर्षं ठेवाव्या लागतात, आणि खरेदीच्या ऑर्डर आता ईमेलमध्येच असतात. म्हणून मी आठ वर्षं धरतो.

प्लॅनवर ‘रिटेन्शन १ वर्ष’ असं दिसलं तर लगेच खूश होऊ नये. गूगल व्हॉल्टमध्ये अशी मुदत घातली की तेवढा काळ कोणी मेल पुसला तरी तो व्हॉल्टमध्ये राहतो, पण मुदत संपल्यावर तो आपोआप नष्टही करता येतो. नियम लावताना मुदतीनंतर काय करायचं, याचा पर्याय नीट वाचून निवडावा लागतो. व्हॉल्ट सगळ्यात स्वस्त प्लॅनमध्ये येतच नाही, हेही विक्रेत्याला आधी विचारावं.

होस्टिंग बदलताना जुना मेल पीडीएफ करून ठेवला तर तो वाचता येतो, पण तो कोणत्या सर्व्हरवरून, केव्हा आला याची हेडरमधली नोंद निघून जाते. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलचा हॅशही लिहायचा असतो. त्यासाठी मूळ मेल .eml किंवा .mbox स्वरूपात काढून घ्यावेत, आणि जुनं खातं बंद करण्याआधी त्यातला एखादा मेल दुसऱ्या संगणकावर उघडून बघावा.