चारशे अडतीस किलो मिरची

मार्चअखेरची मोजदाद संपली तेव्हा वखारीच्या दारात उभे असलेले दिवाणजी घामाने निथळत होते, आणि तो घाम उन्हाचा नव्हता. वहीप्रमाणे सुकी लाल मिरची १,८५० किलो असायला हवी होती. काट्यावर भरली १,४१२ किलो. ४३८ किलोंची तूट, म्हणजे १८० रुपये भावाने सुमारे ७९ हजार रुपये. मालकांनी दिवाणजींकडे एकदा पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. बावीस वर्षं वखारीच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या माणसाला ते न बोलणं पुरे होतं.

मी त्या पेढीचे हिशेब बघतो. मालकांना एवढंच म्हणालो, की दोन दिवस द्या, तोवर वहीत काही लिहू नका आणि कुणाला काही बोलूही नका. त्या दोन दिवसांत जे केलं ते सविस्तर सांगतो, कारण वर्षअखेरीला अशी तूट शेकडो दुकानांत निघते. बहुतेक ठिकाणी ती एका ओळीत उडवून टाकतात, नाहीतर एका माणसाच्या माथी मारतात.

आपल्या व्यापारी भाषेत घट आणि तूट असे दोन वेगळे शब्द आहेत आणि ते उगाच वेगळे नाहीत. घट म्हणजे मालाच्या स्वभावानेच कमी होणारं वजन. मिरची वाळते, देठ मोडतात, बी गळतं, पोतं रिकामं केलं की तळाशी धूळ उरते. नंदुरबारला ओली लाल मिरची पथाऱ्यांवर वाळवतात तेव्हा शंभर किलोंची पंचवीस-तीस किलो होते, पण बाकीची मिरची कुणी चोरली असं तिथे कुणी म्हणत नाही. तूट म्हणजे जे व्हायला नको होतं ते: माल भिजला, सडला, चुकून जास्त गेला, चोरीला गेला. मोजदादीत मात्र घट आणि तूट एकाच आकड्यात गुंडाळून समोर येतात, आणि त्या आकड्यात तिसरंही काही मिसळलेलं असतं. ते म्हणजे निव्वळ चुका.

म्हणून आधी चुकांकडे वळलो. वखार पुन्हा मोजली. रिकाम्या बारदानाच्या थप्पीमागे मिरचीची दोन पोती निघाली, ७८ किलो. मग कागद काढले. चलनबुकात ३० मार्चची एक पावती होती. तीन पोती, ११८ किलो मिरची दळायला गिरणीवर गेलेली. माल आपल्या छपराखाली नव्हता, पण होता आपलाच, त्यामुळे साठ्यात धरला. शेवटी वर्षभराची खरेदीबिलं एकेक करून वहीशी ताडली. एका बिलात ४० पोत्यांचं भरलेलं वजन १,६०० किलो आणि बारदान वजा जाता १,५६० किलो असं स्वच्छ छापलेलं होतं. वहीत चढवताना १,६०० चढले होते. ते ४० किलो कधी आलेच नव्हते, तर हरवणार कुठून?

पुष्कळ लोक इथे एक चूक करतात. ही ४० किलोंची दुरुस्ती मूळ खरेदीच्या नोंदीत करायची असते, तुटीच्या खात्यात नाही. बिलाची रक्कम तीच राहते, फक्त वजन बदलतं. नोंदीची चूक तूट म्हणून लिहिली, तर ज्यानं चूक केली तो सुटतो आणि वखार बदनाम होते.

आता वहीप्रमाणे शिल्लक १,८१० किलो आणि प्रत्यक्ष साठा १,६०८ किलो. ४३८ ची तूट एका दिवसात २०२ वर आली, आणि मिरचीला अजून कुणी हातही लावलेला नव्हता.

यात घट किती, हा खरा कठीण प्रश्न. त्यासाठी मी न फोडलेली दहा पोती बाजूला काढायला सांगितली. या पेढीत माल आला की प्रत्येक पोत्यावर वजन रंगाने लिहितात, ही त्यांची जुनी आणि फार चांगली पद्धत. दहाही पोत्यांवर ४० किलो लिहिलेलं होतं. काट्यावर एकही ४० भरलं नाही. सगळी ३९.१ ते ३९.३ च्या दरम्यान होती.

हे पाहून माझा जीव भांड्यात पडला. घट सगळीकडे सारखी पसरलेली असते, प्रत्येक पोत्यातून थोडी थोडी. चोरी किंवा नासाडी अशी पसरत नाही, ती गठ्ठ्याने होते. दहापैकी नऊ पोती भरलेली आणि एक सहा किलोंनी हलकं निघालं असतं, तर ओलाव्याचं कारण पुढे करता आलं नसतं.

ओलाव्याचं गणितही जुळलं. खरेदीच्या वेळी ओलावामापकावर मिरचीत १२ टक्के पाणी दाखवलं होतं, आता १० टक्के दाखवत होतं. १०० किलोंत कोरडा माल ८८ किलो. तो कुठे जात नाही. तोच ८८ किलो माल आता एकूण वजनाच्या ९० टक्के आहे, म्हणजे एकूण वजन झालं ९७.८ किलो. वर्षभर पडून राहिलेल्या मिरचीत सव्वादोन टक्क्यांच्या आसपास घट होणारच होती, आणि पोत्यांनी तेवढीच दाखवली.

पण संपूर्ण खरेदीवर सव्वादोन टक्के लावणं चूक ठरलं असतं. एप्रिलात आलेला माल मे महिन्यात विकला गेला, तर त्याला वाळायला वेळच मिळाला नाही. उलट सुट्या विक्रीत देठ-बियांची घट जास्त होते. सगळ्याची मिळून सरासरी किती, हे पेढीच्या आधीच्या तीन वर्षांच्या नोंदी सांगत होत्या: १.२, १.४ आणि १.३ टक्के. मी १.३ धरला. हा दर वखारीतून गेलेल्या सगळ्या मालावर लावायचा, उरलेल्या साठ्यावर नाही. वर्षाच्या सुरुवातीला शिल्लक शून्य होती आणि दुरुस्त खरेदी ९,९६० किलो, म्हणून घट १३० किलो.

दर आधीच ठरलेला असायला हवा, मोजदादीच्याही आधी. तूट बघून दर बेतायचा ठरवलं तर कुठलीही चोरी घटीत बसवता येते. आणखी एक सावधगिरी सांगतो. पावसाळ्यात हाच माल ओलावा शोषतो आणि वजनाने भरतो. सप्टेंबरात मोजदाद करून सगळं बरोबर आलं तर फार खूश होऊ नका, एखाद्या पोत्याची तूट इतर पोत्यांच्या पाण्याने भरून निघालेली असू शकते. म्हणून काट्याच्या आकड्यासोबत ओलाव्याचा आकडा लिहिलाच पाहिजे.

२०२ मधून १३० गेले, राहिले ७२ किलो. ही खरी तूट. दिवाणजींना शांतपणे विचारलं, की वर्षभरात काही वेगळं घडलं होतं का? हमालांपैकी एकाला आठवलं. जुलैत पत्र्यातून गळती लागली, कडेच्या एका पोत्याला बुरशी आली आणि ते उकिरड्यावर टाकलं. त्याच्या मोबाइलमध्ये फोटोही होता, वजन दिसत होतं. बारदान वजा जाता ३९ किलो. कुणी लिहून ठेवलं नव्हतं एवढंच. उरलेल्या ३३ किलोंचं कारण सापडलं नाही. ते आम्ही तसंच लिहिलं: कारण अज्ञात.

आता वही. घटीची वेगळी रक्कम नुकसान म्हणून दाखवायची नसते, तिचा खर्च उरलेल्या मालाने सोसायचा. ९,९६० किलोंना मोजले १७,९२,८०० रुपये, पण मिळायला हवी होती ९,८३० किलो. म्हणून किलोचा भाव १८० नसून १८२.३८ पडला. वर्षअखेरचा १,६०८ किलो साठा याच भावाने लावला. ७२ किलोंची तूटही याच भावाने, १३,१३१ रुपये. ती मात्र मालाच्या किमतीत मिसळायची नाही. लेखामानक २ सांगतो, की असाधारण नासाडीचा खर्च साठ्याच्या मूल्यात धरता येत नाही. तो त्याच वर्षी नफा-तोट्यात उघड दिसला पाहिजे.

जीएसटीचाही प्रश्न येतो. कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा वहीतून काढून टाकलेल्या मालावर घेतलेलं कराचं क्रेडिट परत करावं लागतं. सुक्या मिरचीवर ५ टक्के कर, म्हणून ७२ किलोंचे ६४८ रुपये परत केले. घटीबद्दल मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका पोलाद कारखान्याच्या प्रकरणात म्हटलं, की उत्पादनाच्या प्रक्रियेतच होणारी घट या कलमात येत नाही. तो निकाल उत्पादनाचा आहे, व्यापारातल्या वाळण्याचा नाही. म्हणून घटीवर क्रेडिट कायम ठेवायचं असेल, तर तीन वर्षांची नोंद, ओलाव्याचे आकडे आणि दहा पोत्यांची वजनं फाइलला लावून सल्लागाराला दाखवावीत. नुसतं ‘घट’ लिहून भागत नाही.

आमची नोंद अशी झाली: असाधारण तूट खाते नावे १३,७७९, खरेदी खाते जमा १३,१३१, जीएसटी क्रेडिट खाते जमा ६४८. खाली चार ओळींत कारण आणि फोटोचा संदर्भ दिला. टॅलीसारख्या प्रणालीत फक्त `Physical Stock` व्हाउचर भरलं, तर संगणक निमूटपणे साठा मोजदादीच्या आकड्याशी जुळवतो आणि घट, तूट, चूक या तिन्हींचा मागमूस उरत नाही. मी वजनाच्या नोंदी `Stock Journal` मधून दोन वेगळ्या करतो, एक घटीची आणि एक तुटीची, दोन्हींना कारणासह.

तिसऱ्या दिवशी मालकांसमोर कागद ठेवला. ४३८ पैकी दोन पोती थप्पीमागे, तीन गिरणीवर, ४० किलो वहीतली चूक, १३० किलो हवेत, एक पोतं उकिरड्यावर आणि ३३ किलोंचा पत्ता नाही. मालक बराच वेळ वाचत होते. मग त्यांनी दिवाणजींना आत बोलावलं आणि खुर्ची पुढे केली.

तुमच्या वखारीत या वर्षी तूट निघाली, तर कुणाच्या पगारातून ती कापण्याआधी न फोडलेली दहा पोती काट्यावर चढवा.