तीन महिने बंद दुकान आणि बँकेला लिहायचे पत्र

कर्जाचा अर्ज नामंजूर झाला की आपले बरेच कारागीर बंधू दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर गप्प बसतात, नाहीतर बँकेत जाऊन तोंडी वाद घालतात. दोन्हींमुळे फाईल जागची हलत नाही. ती हलवू शकते ते एका पानाचे पत्र. त्यासाठी मुळात अधिकाऱ्याला कागदावर काय दिसले ते कळले पाहिजे.

उदाहरणासाठी कळमनुरीतला एक वेल्डिंग कारागीर घेऊ. लोखंडी दारे, खिडक्या, ग्रिल हे त्याचे काम. त्याने मुद्रा योजनेच्या ‘किशोर’ गटातून नवे मशीन आणि पाईपसाठी २ लाख रुपये मागितले. अर्ज जानेवारीअखेरचा. बँकेने ऑगस्ट ते जानेवारी असा सहा महिन्यांचा खातेउतारा पाहिला. हात मोडल्याने ऑगस्ट, सप्टेंबर व ऑक्टोबर दुकान बंद होते, म्हणून तिन्ही महिन्यांत जमा शून्य. नोव्हेंबरात ३१ हजार, डिसेंबरात ४४ हजार, जानेवारीत ४६ हजार. एकूण १ लाख २१ हजार, म्हणजे महिन्याला सरासरी २० हजार. अधिकाऱ्याने शेरा मारला : उत्पन्न अपुरे.

हा शेरा चुकीचा म्हणता येणार नाही. उताऱ्यात ‘हात मोडला’ असे लिहिलेले नसते. धंदा तात्पुरता थांबला की कायमचा बसला, हे त्या शून्यावरून कळत नाही. पत्राचे काम तेवढेच : थांबण्याचे कारण, थांबल्याचा पुरावा आणि पुन्हा सुरू झाल्याचा पुरावा.

वेल्डरकडे एक पुरावा आपोआप तयार होतो, तो म्हणजे दुकानाचे वीजबिल. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. तीन महिने युनिट खाली गेले आणि नोव्हेंबरपासून पुन्हा वर आले, हे अधिकारी स्वतः वाचू शकतो. त्याला दवाखान्याचे कागद आणि लोखंड खरेदीची पावती जोडावी.

आता हिशेब. अपघाताआधीचे सहा महिने खात्यात दरमहा सरासरी ४२ हजार येत होते. पण जमा म्हणजे कमाई नव्हे. लोखंड, वीज व भाडे वजा जाता त्याच्या हाती १४ हजार उरतात. घरखर्च ९ हजार, म्हणजे शिल्लक ५ हजार. दोन लाख पाच वर्षांसाठी १२ टक्के व्याजाने धरले तर हप्ता सुमारे ४,४५० येतो. मग गाठीला साडेपाचशेच राहतात. दीड लाखाला हप्ता सुमारे ३,३४० आणि शिल्लक १,६६०. शेतकरी गिऱ्हाईक सोयाबीन-हळदीचा पैसा आल्यावरच उधारी देते, तेव्हा मंद महिन्यासाठी ही शिल्लक लागतेच. म्हणून दीड लाखच मागणे शहाणपणाचे. पत्र असे होईल :

“मा. शाखा व्यवस्थापक यांस,
माझा अर्ज उत्पन्न अपुरे या कारणाने नामंजूर झाल्याचे आपले पत्र मिळाले. ऑगस्ट ते ऑक्टोबर उजवा हात मोडल्याने माझे दुकान बंद होते. त्याआधी सहा महिने खात्यात दरमहा सरासरी ४२ हजार रुपये जमा होत होते. डिसेंबर व जानेवारीत ती रक्कम पुन्हा ४४ व ४६ हजार झाली आहे. बारा महिन्यांचा उतारा, वीजबिले, दवाखान्याचे कागद व लोखंडाच्या पावत्या सोबत आहेत. खर्च वजा जाता दरमहा ५ हजार शिल्लक राहतात. म्हणून मागणी २ लाखांवरून दीड लाखावर आणत आहे. कृपया अर्जाचा फेरविचार व्हावा व दुकानाची पाहणी करावी. आपला विश्वासू.”

पत्र दोन प्रतींत न्यावे आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. नकाराचे कारण लेखी मिळाले नसेल तर आधी ते मागावे. कर्ज नाकारण्याची मुख्य कारणे बँकेने लेखी कळवावीत, असे रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. कारण सिबिल अहवालातील जुना थकलेला हप्ता असेल, तर वरचे पत्र उपयोगाचे नाही. तिथे थकबाकी मिटवून तसा दाखला जोडावा लागतो.

एक चूक मात्र टाळावी. उतारा भरलेला दिसावा म्हणून पाहुण्यांकडून ५० हजार घेऊन एकदम भरायचे आणि आठवड्याने काढायचे, हे अधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येते. मग खऱ्या जमेवरही शंका घेतली जाते. त्यापेक्षा रोजची विक्री, थोडी का असेना, खात्यातूनच फिरवावी. फेरविचार करून कर्ज दिलेच पाहिजे असे बंधन बँकेवर नाही. पुन्हा नकार आला, तर आणखी सहा महिने खाते नियमित चालवून नवा अर्ज करावा. तोवर ते तीन शून्य महिने सहा महिन्यांच्या उताऱ्यातून मागे पडलेले असतील.